कमानीतून मकबरा, फांदीआडून वाडा

माझ्या कपाटात एक छायाचित्र आहे. १९९८ सालचे, फिल्मवर काढलेले. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातला दुमजली वाडा, आणि त्याच्या अलीकडे कडुनिंबाची खाली झुकलेली फांदी. चित्राच्या वरच्या कडेने ती फांदी तोरणासारखी आली आहे, पाने काळपट, मागचा वाडा उन्हात. हे चित्र ज्यांनी ज्यांनी पाहिले त्यांनी वाखाणले. मीही ते बरीच वर्षे अभिमानाने दाखवत असे.

वाडा पुढे पडला. त्यानंतर कधीतरी एक बाई माझा पत्ता काढत घरी आल्या. साठीच्या पुढच्या असाव्यात. त्यांचे आजोबा सुतार. वाड्याच्या दर्शनी सज्जाला सात लाकडी तोडे होते, त्यांतला एक कुजला म्हणून आजोबांनी नवा करून बसवला होता. बाकी सहांवर कमळ, याच्यावर पोपट, आणि तोही मान मागे वळवलेला. आजोबांच्या हातचे दुसरे काहीच आता घरात उरलेले नाही, तो पोपट एकदा बघायचा आहे, एवढेच त्यांचे म्हणणे. मी चित्र काढून समोर ठेवले. त्यांनी चष्मा पुसला, डावीकडून तोडे मोजत बोट नेले आणि पाचव्यावर थांबल्या. तिथे कडुनिंबाच्या पानांचा झुबका होता.

“दादा, ही फांदी जरा बाजूला करता येत नाही का?” त्यांनी विचारले.

त्या चित्राखेरीज माझ्याकडे त्या वाड्याचे दुसरे समोरून काढलेले चित्र नव्हते. एवढे सुरेख जमले म्हटल्यावर दुसरे कशाला काढायचे, असा तेव्हाचा विचार. या प्रसंगानंतर मी एका प्रश्नाच्या मागे लागलो, आणि हा लेख त्या प्रश्नाचाच आहे. इमारतीच्या पुढे झाड किंवा कमान घेतली की चित्राला खोली येते हे सगळ्यांना ठाऊक असते. पण ती खोली आणताना इमारतीच्या दर्शनी भागाचा नेमका किती आणि कोणता हिस्सा आपण झाकतो, हे आधी कळू शकते का?

युक्ती छायाचित्रणाहून पुष्कळ जुनी आहे. सतराव्या शतकात क्लोद लोरँसारखे चित्रकार निसर्गचित्राच्या एका बाजूला, अगदी पुढे, एखादे गडद झाड उभे करीत. त्याच्या काळोखामुळे पलीकडचा उजळ प्रदेश आपोआप मागे सरके. फ्रेंच भाषेत या पुढच्या वस्तूला जे नाव आहे त्याचा अर्थच ‘मागे ढकलणारी’ असा होतो. १७८६ ते १७९३ या काळात हिंदुस्थानात फिरलेले टॉमस आणि विल्यम डॅनिएल हे काका-पुतणे हीच रीत घेऊन इथे आले. ‘ओरिएंटल सीनरी’ या त्यांच्या चित्रमालिकेत देवळे, घाट, मशिदी यांच्या अलीकडे झाडे आणि सावल्या येतात. इमारतीची रेखाटने अचूक व्हावीत म्हणून ते कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरत. मात्र चित्रकाराची एक चैन त्यांना होती. एखादी फांदी अडचणीची झाली तर ती काढायचीच नाही. कॅमेरा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला ती सोय नाही. त्याला फांदी हलवता येत नाही, स्वतः हलावे लागते.

आता मुळाशी जाऊ. सपाट कागदावर खोली दिसते ती मुख्यतः झाकण्यामुळे. एक वस्तू दुसरीचा थोडा भाग झाकते, तेव्हा कोणती जवळ आणि कोणती लांब हे डोळा क्षणात ठरवतो. म्हणजे ज्या कृतीने खोली येते तीच कृती माहिती नाहीशी करते. हा व्यवहार टाळता येत नाही. आपल्या हातात फक्त किंमत कशातून द्यायची हे ठरवणे आहे. आकाश, अंगण, कोरी भिंत यांतून दिली तर काही बिघडत नाही. मिनार, घुमटाची कड, तोडे यांतून दिली तर पाचवा तोडा जातो.

ही किंमत आकड्यांत मोजता येते, हे मला आग्ऱ्याला उमगले. ताजमहालाच्या दक्षिणेकडच्या मोठ्या दरवाज्यात वाटाडे पर्यटकांना एक खेळ दाखवतात. कमानीतून ताजकडे बघत पुढे चालत गेलात की ताज लहान होत जातो आणि पाठमोरे मागे आलात की मोठा होतो. लोक चकित होतात आणि शाहजहानच्या कारागिरांच्या काहीतरी गुप्त विद्येला श्रेय देऊन पुढे जातात. गुप्त काही नाही. दरवाज्यापुढची बाग सुमारे ३०० मीटर लांब आहे. तिच्या पलीकडचा चौथरा सुमारे ९५ मीटर रुंद असून त्याच्या चार कोपऱ्यांवर चार मिनार आहेत, आणि मधली कबरीची इमारत सुमारे ५७ मीटर रुंद आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून आपण दरवाज्यातली खुली जागा ३ मीटर रुंद धरू. खऱ्या कमानीची रुंदी वेगळी असली तर पुढचे आकडे त्याच प्रमाणात बदलतील.

तुम्ही त्या खुल्या जागेपासून साधारण १० मीटर मागे उभे आहात. पुढचे दोन्ही मिनार कमानीच्या दोन कडांना अगदी चिकटून दिसतील. याहून मागे गेलात की मिनार दगडाआड जाऊ लागतील. १८ मीटर मागे गेलात की मधली इमारतच कडांना टेकेल, मिनारांचा मागमूस नसेल. त्याहून मागे म्हणजे इमारतीच्या बाजू कापणे. आता या १० ते १८ मीटरच्या प्रवासात ताज खरोखर किती लहान झाला? जवळपास साडेतीनशे मीटरवरची वस्तू आणखी ८ मीटर दूर गेली, म्हणजे शंभरात दोन-अडीच भागांनी. ते कुणाच्या डोळ्याला कळणार? पण कमानीची खुली जागा मात्र निम्म्याच्या जवळपास आली. चौकट आकसली, आतली वस्तू तेवढीच राहिली. म्हणून ती मोठी झाल्यासारखी वाटते. वाटाड्याचा खेळ तो एवढाच, आणि आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तरही तेच. कमानीतून काढायच्या चित्रात इमारतीपासूनच्या अंतराला फारसा अर्थ नाही. कमानीपासून आपण किती मागे आहोत, याने सगळे ठरते. चार पावले पुढे-मागे होण्यात मिनार मिळतात किंवा जातात.

इथे कुणी म्हणेल, झूम भिंग फिरवले की झाले. होत नाही. भिंग फिरवून चौकट आणि इमारत दोन्ही एकाच प्रमाणात मोठ्या होतात. कमानीच्या कडेआड गेलेला मिनार कोणत्याही भिंगाने बाहेर येत नाही. तो फक्त पायांनी बाहेर येतो. म्हणून क्रम असा ठेवावा लागतो: आधी उभे राहण्याची जागा, मग भिंग.

जागा शोधायला मोजपट्टी लागत नाही. मी खिशात शाळकरी फूटपट्टी ठेवतो. कमानीच्या उंबऱ्यात उभे राहायचे, जिथून पूर्ण इमारत उघडी दिसते. हात ताणून पट्टी डोळ्यांसमोर आडवी धरायची आणि जे झाकायचे नाही ते सगळे, म्हणजे या टोकाच्या मिनारापासून त्या टोकाच्या मिनारापर्यंत, पट्टीवर किती सेंटिमीटर भरते ते बघायचे. माझा हात डोळ्यापासून पट्टीपर्यंत ६० सेंटिमीटर भरतो. इमारत पट्टीवर २० सेंटिमीटर आली तर प्रमाण तिसरा हिस्सा. म्हणजे कमान जेवढी रुंद, त्याच्या तिप्पट अंतर मागे जाता येईल; त्यापुढे कापाकापी सुरू. मी या मर्यादेच्या एक-दोन पावले अलीकडेच थांबतो, कारण मिनार कमानीच्या दगडाला चिकटला की तो मिनार आहे की कमानीचाच खांब हे चित्रात कळत नाही. दोहोंमध्ये आकाशाची एक फट हवी. इमारत फार जवळ असली तर हा हिशेब थोडा सैल होतो, पण चुकतो तो आपल्या फायद्याच्या बाजूला.

ही पट्टी घेऊन मी सर्वांत जास्त उभा राहिलो आहे तो छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याच्या दरवाज्यात. १६५७ साली वारलेल्या दिलरस बानू बेगमची ही कबर. दरवाज्याच्या पितळी पत्र्यावर शिल्पकार अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे आहेत. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. त्यामुळे दोन्ही ठिकाणी तीच मांडणी भेटते: दक्षिणेला दरवाजा, मधून सरळ पाण्याची वाट आणि समोर चार मिनारांत उभी इमारत. दरवाज्याच्या काळोखातून बाहेरचा पांढरेपणा एकदम डोळ्यांवर यावा हे तिथे मुळातच योजलेले दिसते. म्हणजे इथे कमानीतून चित्र काढणे ही काही आपली कल्पकता नव्हे. बांधणाऱ्याने आखून दिलेल्या जागीच आपण उभे असतो.

पण मकबऱ्याचे महत्त्वाचे काय, हे आधी ठरवल्याशिवाय काय झाकायचे नाही हे कळत नाही. माझ्या दृष्टीने तिथे चार गोष्टी आहेत. चारी मिनार. मुख्य घुमट आणि त्याच्या कोपऱ्यांवरचे लहान घुमट. मधली उंच कमान. आणि चौथी, जिच्याकडे कुणी फारसे बघत नाही, ती म्हणजे संगमरवर कुठे संपतो ती रेघ. ताज सगळा संगमरवराने मढवलेला आहे. मकबऱ्यात संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटाला आहे. मधल्या भिंतींवर चुन्याचा गिलावा आणि त्यात केलेले नक्षीकाम. ही रेघ म्हणजे या इमारतीची सगळी कहाणी आहे, खर्चाची आणि काटकसरीची, आणि ‘गरिबाचा ताज’ म्हणून हिणवणाऱ्यांना न दिसणाऱ्या गिलाव्याच्या कसबाचीही. कमानीतल्या चित्रात ती रेघ हमखास जाते. गंमत म्हणजे तिला कमानीचा दगड झाकत नाही. तिला उजेड झाकतो.

ते असे. दरवाज्याच्या आत काळोख, बाहेर लख्ख ऊन. कॅमेऱ्यातला प्रकाशमापक समोरचे सगळे दृश्य सरासरीने मोजतो. दृश्याचा अर्धाअधिक भाग काळी कमान असेल तर त्याला वाटते, फार अंधार आहे. मग तो उजेड जास्त घेतो. कमानीतली प्रत्येक वीट छान दिसते आणि मकबरा मात्र पांढरा डाग होतो. संगमरवर आणि गिलावा यांतला फरक, कमानीवरचे फुलांचे काम, सगळे धुऊन जाते. पडद्यावर बघताना हे पटकन लक्षात येत नाही, कारण चित्र एकंदरीत उजळ आणि सुंदर दिसते. ओळखायचे असेल तर चित्र मोठे करून घुमटाची उन्हाकडची बाजू बघावी. तिथे दगडांचे सांधे दिसत नसतील तर माहिती गेली, आणि ती नंतर कुठल्याही खटाटोपाने परत येत नाही.

उपाय साधा आहे. कमानीतून बाहेर पडायचे, फक्त इमारतीवर प्रकाश मोजायचा, ते आकडे हाताने पक्के करायचे आणि परत आत येऊन त्याच आकड्यांवर चित्र घ्यायचे. कमान काळी येईल. येऊ द्यावी. चौकटीचे काम चौकट होण्याचे आहे. तिच्यात थोडी जाण राहावी, दगड की लाकूड एवढे कळावे, असे वाटले तर सकाळी किंवा संध्याकाळी यावे, तेव्हा आतला आणि बाहेरचा फरक कमी असतो. ऋतूचाही विचार करावा. मकबऱ्याचे तोंड दक्षिणेला. दिवाळीपासून माघापर्यंत सूर्य दक्षिणेकडून जातो आणि दर्शनी बाजू दिवसभर उजेडात असते. सकाळी नऊच्या सुमारास तो उजेड आग्नेयेकडून तिरपा येतो आणि गिलाव्यातले प्रत्येक फूल सावलीने उठून दिसते. जूनमध्ये याच गावी भरदुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो, आणि तीच बाजू स्वतःच्याच सावलीत जाते.

आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. मकबऱ्याच्या पश्चिमेला, समोरून बघताना डाव्या अंगाला, नंतर बांधलेली एक मशीद आहे. कमान थोडी आवळून धरली की ती बाहेर राहते आणि मकबरा अगदी तोलून-मापून उभा दिसतो. पुष्कळ चित्रे अशीच काढलेली असतात आणि मी स्वतः काढली आहेत. चूक आहे असे मी म्हणणार नाही. पण ते चित्र बघणाऱ्याला ती मशीद तिथे नाहीच असे वाटते, तेव्हा चित्राखाली एक ओळ लिहायला काय हरकत आहे? जेम्स बर्जेस, हेन्री कझिन्स यांच्या काळच्या पुरातत्त्व पाहणीतली छायाचित्रे आपल्याला आज रुक्ष वाटतात. इमारत समोर, मध्ये काही नाही. त्यांना सौंदर्यदृष्टी नव्हती असे समजण्याचे कारण नाही. त्यांचे काम वेगळे होते.

कमानीचे एवढे झाले. झाडाचे गणित तेच, पण स्वभाव वेगळा. कमानीची कड सरळ आणि स्थिर असते, कुठे काय कापले जाते ते स्पष्ट दिसते. फांदी विस्कळीत असते, आणि ती कापत नाही, ठिपक्याठिपक्यांनी झाकते. डोळा अशा पानांमधून आरपार बघायला सरावलेला असतो. प्रत्यक्ष तिथे उभे असताना आपले डोके सतत थोडे हलत असते, दोन डोळे दोन जागांहून बघत असतात, त्यामुळे पानाआडचे सगळे आपल्याला दिसल्यासारखे वाटते. कॅमेऱ्याला एकच डोळा आणि तोही गोठलेला. म्हणून झाडाखाली उभे राहिल्यावर मी पहिली गोष्ट करतो ती एक डोळा मिटण्याची.

किती झाकले जाते? फांदी तुमच्यापासून ३ मीटरवर आणि वाडा ३० मीटरवर असेल तर दहापट. पानांचा सात सेंटिमीटरचा झुबका, म्हणजे जेमतेम चार बोटे, वाड्यावरचा सत्तर सेंटिमीटरचा तुकडा गिळतो. सज्जाचा एक तोडा साधारण तेवढाच असतो. पण हीच दहापट उलट बाजूने आपल्या कामाला येते. तुम्ही एक वीतभर डावीकडे सरकलात की वाड्याच्या दर्शनी भागावर ती पाने जवळपास दोन मीटर उजवीकडे सरकतात. वीतभर वर किंवा खाली झालात तरी तेवढीच. म्हणजे फांदी आकाशावर किंवा कोऱ्या भिंतीवर नेऊन ठेवायला फारसे हलावे लागतच नाही. चित्राचा डौल तसाच राहतो. जिथे फांदी अगदी मध्येच आली आहे तिथे मी दोन चित्रे घेतो, दोहोंमध्ये हातभर अंतर ठेवून. एकात जे झाकले गेले ते दुसऱ्यात उघडे पडते.

पाने धूसर की स्पष्ट, हाही प्रश्न येतो. फार जवळची पाने धूसर केली की ती पसरतात आणि जास्त भाग झाकतात, शिवाय कडा विरघळल्यामुळे किती झाकले हे कळेनासे होते. २८ मिलिमीटरच्या भिंगाला एफ ११ ठेवून ५ मीटरवर नजर जुळवली तर पावणेदोन मीटरच्या पुढचे सगळे पुरेसे रेखीव येते, फांदीही आणि वाडाही. वारा असेल तर थांबावे. आणि शक्य असेल तर झाडाचा ऋतू साधावा. कडुनिंब, पिंपळ फाल्गुनाच्या आसपास पाने गाळतात. ते दहा-पंधरा दिवस इमारतीचे असतात. काड्यांची जाळी चौकट म्हणून पुरते आणि मागचे बहुतेक सगळे दिसते. वड आणि आंबा मात्र ही संधी देत नाहीत. त्यांच्या बाबतीत बुंधा एका कडेला घ्यावा आणि फांद्यांचा मोह सोडावा.

या सगळ्याच्या आधी, आता न चुकता, मी झाड-कमान ओलांडून पुढे जातो आणि इमारतीचे समोरून एक कोरे चित्र काढतो. ते कुणालाही दाखवण्यासारखे नसते.

त्या बाईंना मी काय दिले ते सांगायचे राहिले. त्या गेल्यावर मी ती निगेटिव्ह काढून भिंगाखाली धरली. दोन पानांच्या मधल्या फटीत तोड्याचा खालचा भाग दिसत होता आणि त्यावर तीन-चार तिरप्या रेघा होत्या. ती पोपटाची शेपटी. तेवढाच तुकडा मोठा करून मी त्यांना पाठवला. दाणेदार आला होता, पण रेघा स्पष्ट होत्या.

गेल्या मार्गशीर्षात त्या गावावरून जाणे झाले. वाड्याच्या जागी पत्र्याची शेड आहे. कडुनिंब अजून उभा आहे, ती खालची फांदीही आहे, आता बरीच जाड झालेली. मी जुने चित्र बरोबर नेले होते. पूर्वीच्याच जागी उभा राहिलो, शेडच्या कडेवरून पाचव्या तोड्याची जागा अंदाजाने धरली आणि एक डोळा मिटून डावीकडे सरकलो. एक वीत पुरली.